चिनी पाहुण्याच्या कानाशी बसून भाषांतर: खुर्ची, वेग आणि घसा

"तुम्ही पाहुण्याच्या बाजूला बसा आणि हळूच सांगत राहा, म्हणजे मीटिंग अडणार नाही." नागपुरात चिनी भाषेचं काम घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. यजमानाला वाटतं, ही सगळ्यात सोपी सोय. ना माइक, ना केबिन, ना जास्तीचा वेळ. आणि दुभाषी जाऊन बसतो पाहुण्याला खेटून, खऱ्याखुऱ्या कुजबुजीत बोलतो, तीन तास एकटा रेटतो. दुपारी घसा बसतो आणि पाहुण्याच्या वहीत दोन आकडे चुकीचे उतरलेले असतात.

हा लेख मराठी-हिंदीतून चिनीत कानाशी भाषांतर करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: कळमन्याच्या बाजूची एक डाळ मिल. मिलने चीनच्या हफेई शहरातून सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतला खराब दाणा रंगावरून वेगळा काढणारं मशीन, आणलंय. कंपनीचा इंजिनियर आलाय. मिलमालक, सुपरवायझर, सीए आणि डीलर टेबलाभोवती बसलेत. दिवस मे महिन्याचे.

1. आधी ठरवा: ही पद्धत इथे चालेल का?

कानाशी भाषांतर एका पाहुण्यासाठी असतं, फार तर दोघांसाठी. तिसरा माणूस आला की तुम्हाला आवाज वाढवावा लागतो आणि मग टेबलावरच्या बाकीच्यांना दोन मीटिंगा एकदम ऐकू येतात. तिघे-चौघे असतील तर टूर गाइड सेट मागवा: तुमच्या हातात छोटा माइक, त्यांच्या कानात रिसीव्हर. भाड्याने मिळतो.

दुसरी गोष्ट यजमानाला काम घेतानाच सांगायची. कानाशी भाषांतर फक्त पाहुण्याच्या *दिशेने* चालतं. पाहुणा बोलायला लागला की तुम्ही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो थांबल्यावर बोलणार. तेवढा वेळ मीटिंगला द्यावाच लागतो. "वेळ वाचेल" हे अर्धंच खरं आहे आणि ते आधी न सांगितल्यामुळे मालक पाहुण्याच्या उत्तराच्या मध्येच पुढचा प्रश्न टाकतो.

तिसरी गोष्ट, मिलच्या फ्लोअरवर ही पद्धत विसरा. कॉम्प्रेसर, एलिव्हेटर आणि मशीनच्या हवेच्या फटकाऱ्यांत कानाशी बोललेलं काही पोचत नाही. तिथे थांबून, समोरासमोर, मोठ्याने.

2. तयारी: एक पान, जास्त नाही

मीटिंगच्या आधी यजमानाकडून तीन कागद मागा: कोटेशन किंवा करार, तक्रारीचे ईमेल, आणि कोण कोण बसणार त्यांची नावं व हुद्दे. त्यातून एकच पान तयार करा. मांडीवर ठेवून नजर टाकली की सापडलं पाहिजे. वीस पानांची शब्दांची यादी मीटिंगमध्ये कोणी उलटत बसू शकत नाही.

आपल्या डाळ मिलच्या पानावर काय असेल? मशीनचं नाव "सॅ-श्युएन-ची", हवेचा फटका मारणारा व्हॉल्व्ह म्हणजे "फन-फा", कॉम्प्रेसर "खुंग-या-ची", तूर "मू-तोउ". मिलवाले ज्याला "सॉर्टेक्स" म्हणतात ते खरं तर एका ब्रँडचं नाव आहे. पाहुण्याची कंपनी वेगळी असेल तर तोच शब्द त्याच्या कानात टाकू नका. तो समजेल की दुसऱ्याच कंपनीच्या मशीनबद्दल बोलणं चाललंय.

पानाच्या खालच्या अर्ध्यात आकड्यांची पट्टी काढा. ती पाचव्या टप्प्यात येईल.

*तपासा:* पाहुण्याशी मीटिंगआधी दहा मिनिटं गप्पा झाल्या का? शब्द शोधायला नव्हे, त्याचे उच्चार कानाला बसवायला. दक्षिण चीनकडचे बरेच लोक "श" आणि "स" सारखाच बोलतात. मग चार आणि दहा यांतला फरक फक्त सुरावर उरतो. हे मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळलं तर महागात पडतं.

3. खोली आणि खुर्ची

निम्म्या चुका इथेच होतात, त्यामुळे पंधरा मिनिटं लवकर जा.

पहिल्यांदा कूलर बघा. नागपुरात एप्रिल ते जून बहुतेक ऑफिसांत खिडकीला कूलर बसवलेला असतो आणि सन्मान म्हणून पाहुण्याला नेमकं त्याच्या झोतात बसवतात. त्या घरघरीत तुम्हाला मालकाचं ऐकू येत नाही आणि पाहुण्याला तुमचं. आवाज नकळत चढतो. कूलर बंद करा असं मे महिन्यात कोणी सांगू शकत नाही, पण पाहुण्याची आणि तुमची जागा खिडकीपासून सगळ्यात लांब मागता येते. चिनी रिवाजात दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. लांबची जागा तशी मिळाली तर दोन्ही साधतं. नाही मिळाली तर मान बाजूला ठेवा, कान आधी.

मग सोफा. पाहुण्याला खोल सोफ्यावर बसवलं की तुम्हाला एकतर त्याच्यावर वाकावं लागतं, नाहीतर शेजारी रुतून मान वळवावी लागते. विनंती करून त्याला टेबलाशी खुर्चीवर आणा. कारण विचारलं तर सांगा, कागद लिहायला सोपं जाईल.

आता तुमची खुर्ची. ती पाहुण्याच्या शेजारी नको, *खांद्याच्या थोडी मागे* हवी. जास्त बोलणारा माणूस ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या खांद्यामागे. आपल्या मिलमध्ये मालक टेबलाच्या टोकाला, पाहुण्याच्या उजवीकडे आहे. तुम्ही पाहुण्याच्या उजव्या खांद्यामागे बसा. मालक बोलायला लागला की पाहुणा त्याच्याकडे वळणार आणि वळताना त्याचा उजवा कान आपोआप मागे, तुमच्या तोंडाकडे येणार. तुमचा उजवा कान मालकाकडे मोकळा, तोंड डावीकडे. दोघांच्या मध्ये तुमचं डोकं येत नाही, आणि तुमचा आवाज मालकाच्या उलट दिशेला जातो.

शेजारी बसलेल्यांचं नेमकं हेच बिघडतं. पाहुणा मालकाकडे वळला की त्याची पाठ दुभाष्याकडे होते. मग तो वाक्यावाक्याला मान फिरवत राहतो.

अंतर दीड वीत. त्याहून जवळ गेलात तर श्वास मानेवर लागतो आणि कोणालाही ते अवघड होतं. तोंड कानाच्या भोकाकडे नको, कानावरून थोडं पुढे, गालाच्या दिशेने. हात तोंडाशी धरू नका. टेबलावरच्या लोकांना वाटतं काहीतरी लपवताय. पाहुण्याला तुमच्या बाजूच्या कानाने कमी ऐकू येतं का, हे खाजगीत विचारून घ्या. येत असेल तर वरचा सगळा हिशोब उलटा करा.

*सावध:* मान वळवून बसू नका, खुर्चीच तिरकी करा. तासभर वळलेली मान दुसऱ्या तासाला तुमचं लक्ष खाते.

*तपासा:* जागेवरून बोलणाऱ्याचं तोंड, स्क्रीन आणि पाहुण्याची वही, तिन्ही दिसतात का? वही दिसलीच पाहिजे. चुकीचा आकडा उतरला तर तो तिथेच पकडता येतो.

4. आवाज: कुजबुज करायचीच नाही

या पद्धतीला कुजबुजीचं भाषांतर म्हणत असले तरी खरी कुजबुज चिनीला चालत नाही. मराठी एकवेळ कुजबुजीत कळते. चिनीत अर्थ सुरावर उभा असतो आणि सूर निघतो स्वरतंतूंच्या कंपातून. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत, नुसती हवा जाते. म्हणजे सूर गायब. ऐकणारा अक्षराच्या लांबीवरून आणि संदर्भावरून ताडत बसतो.

व्यापाराच्या मीटिंगमध्ये याचा पहिला बळी ठरलेला आहे. विकत घेणं आणि विकणं, दोन्ही "माय". पहिल्याचा सूर खाली दबतो, दुसऱ्याचा वरून झपकन पडतो. फरक एवढाच. कुजबुजीत "ते जुनं मशीन विकणार" आणि "ते जुनं मशीन विकत घेणार" एकसारखं ऐकू येतं.

उपाय दोन. एक, आवाज लहान ठेवा पण तो आवाजच असू द्या. गळ्यावर दोन बोटं ठेवून बोलून पाहा. कंप जाणवला तर बरोबर, नुसतीच हवा फुसफुसली तर चूक. आणि आवाज लहान करताना त्याची पट्टी खाली ओढू नका. सूर तळाशी गेला की तिसऱ्या सुराला आणखी खाली जायला जागा उरत नाही आणि दुसरा-तिसरा एक होतात. पट्टी नेहमीची, जोर कमी.

दोन, एकाक्षरी शब्द टाळा. खरेदीला "त्साय-कोउ" आणि विक्रीला "श्याओ-शोउ" म्हटलं की सूर हरवला तरी गोंधळ होत नाही. आपल्या एका पानावर शब्द निवडताना हाच निकष लावा: दबक्या आवाजात, कूलर चालू असताना, हा शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दासारखा ऐकू येतो का?

खऱ्या कुजबुजीने घसाही लवकर कोरडा पडतो. दुपारपर्यंत आवाज टिकवायचा असेल तर लहान आवाजच परवडतो.

*तपासा:* पाहुणा तुमच्याकडे झुकायला लागला तर आवाज पडलाय. समोरचे लोक बोलता बोलता तुमच्याकडे बघायला लागले तर चढलाय. दर थोड्या वेळाने दोघांकडे नजर टाका.

5. वेग: क्रियापदाची वाट किती बघायची

मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी येतं आणि मराठीत "नाही" त्याच्याही मागे. चिनीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. म्हणजे मालकाचं वाक्य संपेपर्यंत तो देणार आहे की देणार नाही हे तुम्हाला माहीत नसतं, आणि पाहुण्याच्या कानात तर काहीतरी जात राहायला हवं.

नवीन दुभाषी दोन टोकांची चूक करतात. काही जण पूर्ण वाक्य संपेपर्यंत गप्प बसतात. मालक लांब बोलणारा असला की पहिला अर्धा भाग विसरतो. काही जण शब्दामागे शब्द फेकतात, क्रियापदाचा अंदाज बांधतात आणि शेवटी "नाही" आल्यावर सगळं परत घ्यावं लागतं. साधारण दोन ते चार सेकंद मागे राहणं बरं, पण सेकंद मोजण्यापेक्षा अर्थाचा तुकडा पकडा.

आपल्या मिलमालकाचं वाक्य घ्या, अस्सल नागपुरी:

"मागच्या महिन्यात तुमचा माणूस येऊन सेटिंग करून गेला, पण तुरीच्या डाळीत काळा दाणा येऊनच राहिला, तं उरलेले अठरा लाख आम्ही आत्ता सोडणार नाही."

"करून गेला" ऐकल्यावर पहिला तुकडा सोडा: मागच्या महिन्यात तुमच्या माणसाने सेटिंग केलं. इथे थांबून चिनीत पूर्ण वाक्य करा. मालकाचं एक वाक्य तुमची तीन होऊ द्या. "तुरीच्या डाळीत काळा दाणा" आल्यावर तेवढंच विषय म्हणून पुढे ठेवा: तूर डाळीतला काळा दाणा... चिनीत असा विषय आधी मांडून मग त्याबद्दल बोललेलं अगदी स्वाभाविक वाटतं, आणि यात तुम्ही अजून कुठल्याच क्रियापदाला बांधले गेलेले नाही. "येऊनच राहिला" कानावर पडलं की पूर्ण करा: अजूनही आहे. "राहिला" ऐकून "शिल्लक उरला" असं सांगू नका. नागपूरकडे ते "अजून चालूच आहे" या अर्थाने येतं. पुणे-मुंबईहून आलेले दुभाषी इथे अडखळतात.

शेवटचा तुकडाही तसाच. "उरलेले एकशे ऐंशी वान रुपये", म्हणजे तेच अठरा लाख, एवढं विषय म्हणून सांगून टाका आणि "सोडणार नाही" आल्यावर: आत्ता देत नाही. आकडा लगेच निघून गेला, डोक्यात धरून ठेवावा लागला नाही, आणि नकार चुकला नाही.

सीए इंग्रजीत बोलायला लागला की उलटी अडचण येते. तो आधी "पैसे सोडू" म्हणतो आणि अट नंतर जोडतो. चिनीत अट आधी यायला हवी. तोवर तुम्ही "पैसे सोडू" सांगून बसलेले असता. घाबरू नका, परत मागे जाऊ नका. "पण एक अट आहे" म्हणून पुढचं वाक्य सुरू करा. फक्त त्या दोन वाक्यांत मोठी पोकळी पडू देऊ नका. तेवढ्यात पाहुण्याने मान डोलावली तर समोरचे ती संमती धरतात.

दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, आणि पैशांचा विषय निघाला की बोलतातच, तर सगळं सांगायचा प्रयत्न सोडा. कोण काय म्हणतोय एवढं एका ओळीत: "सुपरवायझर म्हणतो कॉम्प्रेसर ठीक आहे, डीलर म्हणतो हवेत पाणी येतंय." एरवी "मी" म्हणून बोला, पण गोंधळात नाव घेतल्याशिवाय पाहुण्याला आवाज कोणाचा ते कळत नाही.

आकड्यांची पट्टी

चिनी मोजणी दहा हजारांवर चालते, त्याला "वान". त्यापुढे दहा कोटीला "यी". लाखाचं वान करायला शून्य जोडा: 18 लाख म्हणजे 180 वान. कोटीचं वान करायला हजाराने गुणा: 1 कोटी 20 लाख म्हणजे 1200 वान. मोठा आकडा असेल तर कोटीला दहाने भागा: 35 कोटी म्हणजे साडेतीन यी. हे पानावर लिहूनच ठेवा. दमलेल्या डोक्यात शून्य हमखास गळतं.

प्रत्येक आकड्यामागे "रुपये" बोला. पाहुण्याचं डोकं युआनमध्ये चालतं. युआनमध्ये बदलून मात्र सांगू नका, ते तुमचं काम नाही आणि दर रोज हलतो. क्विंटल आला तर किलो किंवा टनात सांगा: ताशी 40 क्विंटल म्हणजे ताशी 4 टन. किलोसाठी नेहमी पूर्ण "कुंग-चिन" म्हणा. नुसतं "चिन" म्हटलं तर ते चीनमध्ये अर्धा किलो असतं.

*सावध:* बोटांनी आकडे दाखवू नका. चीनमध्ये अंगठा आणि तर्जनी उघडी धरली की तो आठ असतो, आपल्याकडे कोणीही दोन समजेल. कागदावर लिहून पाहुण्यासमोर सरकवा.

6. दमणूक: तुम्हाला कळायच्या आधी

एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं असलेल्या कामात दोन दुभाषी असतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी बदलतात. कानाशी बसून केलं म्हणून काम हलकं होत नाही. उलट केबिन नाही, हेडफोन नाही, स्वतःच्या आवाजातून समोरच्याचं ऐकायचं. मीटिंग तासाभराहून लांब असेल तर दुसरा माणूस मागा. बदली होताना मागच्या खुर्चीवरचा नवा दुभाषी आधी दोन मिनिटं ऐकत बसतो, मग वाक्याच्या शेवटी सूत्र घेतो. विश्रांती घेणाऱ्याने फोन बघायचा नाही. त्याने आकडे लिहीत राहायचं.

यजमान म्हणतो एकच माणूस परवडतो. ठीक आहे, मग मीटिंगचा आराखडाच बदलून घ्या. पहिली तीस-चाळीस मिनिटं, मालक आणि सुपरवायझर आपली बाजू मांडतात तेवढी, कानाशी. मग चहा. मग सौदा आणि तारखा, त्या थांबत थांबत, मोठ्याने, सगळ्यांसमोर. पैशांचं बोलणं मुळातच असं झालेलं बरं, कारण आकडा सगळ्यांच्या कानावर पडतो. हा क्रम मालकाला फोनवर आधी पटवा, मीटिंगमध्ये नव्हे.

दमल्याचं दमलेल्याला कळत नाही, हीच खरी अडचण. आपण बरं करतोय असंच वाटत राहतं. म्हणून बाहेरच्या खुणा बघा: बोलणाऱ्यापासूनचं अंतर वाढत चाललंय, वाक्य अर्धवट सोडून पुढचं धरताय, चिनीत "मग" आणि "तर" घुसायला लागलेत, आकडा दोनदा विचारावा लागतोय. यातली कुठलीही दोन दिसली की थांबा. मालकाला सरळ सांगा, "पाच मिनिटं द्या, आकडे तपासून घेतो." थकलो म्हणायची गरज नाही. आकडे तपासायला कोणी नाही म्हणत नाही.

पाणी साधं, घोटघोट, तुकडा संपल्यावर. मे महिन्यात टेबलावर बर्फाचं पाणी येतंच, ते बाजूला ठेवा. सकाळी तर्री पोहे खाऊन येऊ नका. छातीत जळजळ घेऊन लहान आवाजात बोलणं जमत नाही.

7. पाहुणा बोलतो तेव्हा, आणि जेवण

पाहुण्याने तोंड उघडलं की खुर्ची अर्धा हात पुढे घ्या आणि आवाज पूर्ण करा. हा बदल दिसला पाहिजे, म्हणजे सगळ्यांना कळतं की आता ऐकायची वेळ आहे. वहीत फक्त आकडे, तारखा, नावं आणि नकार लिहा. त्याने दोन मिनिटांहून लांब ओढलं तर हाताने हळूच थांबवा, हे आधी त्याच्याशी ठरवून ठेवा.

उठण्याआधी ठरलेलं सगळं एका कागदावर आकड्यांत लिहून दोघांना दाखवा: उरलेले रुपये 18,00,000, दुरुस्तीची तारीख, कोण येणार. शून्य दोघांनी मोजावेत. चीनमध्ये स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो, आपल्यासारखा दोन-दोनवर नाही. त्यामुळे पाहुण्यासाठी खाली 1,800,000 असंही लिहा.

मग मालक सगळ्यांना सावजी जेवायला नेतो. तो तास तुमचा सुट्टीचा नसतो. पाहुणा कराराबद्दलचं खरं मत बऱ्याचदा तिथेच बोलतो आणि तुमच्या तोंडात घास असतो. मीटिंग संपल्यावर, गाडी निघण्याआधी दोन पोळ्या खाऊन घ्या. टेबलावर फक्त वाटीभर भात घ्या. आणि रस्सा किती तिखट आहे हे पाहुण्याला पहिल्या घासाआधी सांगा.